चार पानी मेल वाचवा!

रबाळे एमआयडीसीत तुमचा कंप्रेसर दुरुस्तीचा व्यवसाय आहे आणि महापेच्या एका पॅकेजिंग कारखान्याचं काम तुम्हाला हवं आहे. मग मेलची सुरुवात कारखान्यापासून करायची चूक करू नका. सुरुवात 1998 पासून करा, कारण कंपनी तेव्हा स्थापन झाली. पुढे संस्थापकांची दूरदृष्टी, आयएसओ प्रमाणपत्र, तीस ग्राहकांची यादी आणि ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ हे सगळं ओळीने येऊ द्या. प्लांट मॅनेजर ठाणे-वाशी लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर मेल बघतो. ऐरोली येईपर्यंत तो तुमच्या दूरदृष्टीपाशी पोचला तरी पुष्कळ झालं.

विषयाच्या ओळीत ‘व्यवसाय प्रस्ताव’ लिहा, म्हणजे उघडायच्या आधीच मेलचा निकाल लागतो. ब्रोशर 25 एमबीच्या वर असू द्या. जीमेल ते आपोआप ड्राइव्हवर टाकून लिंक देतं. तुम्ही परवानगी द्यायला विसरलात की मॅनेजरसाहेबांना आधी तुमच्याकडे अर्ज करावा लागतो. गिऱ्हाइकाने अर्ज करायचा आणि आपण मंजूर करायचा, हा मान रोज मिळत नाही.

शेवटी मागणी. ती एक नको, पाच असू देत: वेबसाइट पाहा, ब्रोशर वाचा, फोन करा, भेटीची वेळ द्या, आणि आपल्याकडे नाही तर ओळखीत तरी सांगा. पाचांतलं आधी काय करायचं हे न कळल्यामुळे माणूस एकही करत नाही. त्यावर ‘सकारात्मक प्रतिसादाच्या अपेक्षेत’ असा शिक्का मारा. ती अपेक्षा असते, प्रश्न नसतो, त्यामुळे उत्तर द्यायचं बंधन कुणावरच येत नाही.

एवढी तटबंदी करूनही ऑफिसातलं कुणीतरी कात्री घेऊन येतंच. त्याची पद्धत ओळखून ठेवा. तो मेल वरून वाचत नाही, आधी शेवटी जातो आणि पाचांपैकी अशी एकच मागणी ठेवतो की जिला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर पुरेल. कामाची ऑर्डर तो पहिल्या मेलमध्ये मागत नाही, अर्धा तास मागतो. मग ‘आम्ही’ने सुरू होणारी सगळी वाक्यं खोडतो. यात 1998 जातं, संस्थापकही जातात. उरलेल्यात गिऱ्हाइकाच्या आवारातली एकही गोष्ट सापडली नाही, तर तो मेल बंद करून तुम्हालाच विचारतो, “त्यांच्याकडे नेमकं काय बिघडलंय?” आणि शेवटी हे एवढंसं उरतं:

“साहेब, बुधवारी तुमच्या शेजारच्या गाळ्यात कामाला आलो होतो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलेली असूनही तुमचा कंप्रेसर सारखा लोड घेताना ऐकू येत होता, म्हणजे लाइनमध्ये कुठेतरी हवा गळत असावी. लोड आणि अनलोडचा वेळ घड्याळ लावून मोजला की किती टक्के हवा वाया जाते ते अर्ध्या तासात कळतं आणि त्याचे आम्ही पैसे घेत नाही. येत्या मंगळवारी एक ते दीडच्या सुट्टीत मोजायला येऊ का?”

खाली नाव आणि मोबाइल नंबर. विषय: ‘सुट्टीतही चालणारा तुमचा कंप्रेसर’. 

या मेलचे तोटे गंभीर आहेत. पहिला म्हणजे तो दुसऱ्या कुणालाच पाठवता येत नाही. बीसीसीमध्ये चारशे पत्ते टाकून एकदाच बटण दाबायची सोय संपली. शेजारच्या गाळ्यात जावं लागतं, कान द्यावा लागतो. काहीच दिसलं-ऐकलं नसेल, तर पहिलं वाक्य लिहिताच येत नाही आणि बनवून लिहिलं तर मंगळवारी उघडं पडतं.

दुसरा तोटा म्हणजे विषयाचं ज्ञान लागतं. कंप्रेसर दोन मिनिटं लोडवर, म्हणजे हवा भरत, आणि सहा मिनिटं अनलोडवर, म्हणजे हवा न भरता, राहिला, तर आठांत दोन, म्हणजे क्षमतेच्या 25 टक्के हवा गळतीत जाते. पण त्या वेळी हवा वापरणारं प्रत्येक मशीन बंद हवं. आणि कंप्रेसर व्हीएफडीचा असेल, तर तो मागणीनुसार मोटरचा वेग बदलतो, तिथे हे घड्याळाचं गणित लागू पडत नाही. ‘सर्वसमावेशक उपाययोजना’ लिहिणाऱ्याला यातलं काहीच माहीत असावं लागत नाही.

तिसरा तोटा सर्वांत वाईट. संध्याकाळी उत्तर येतं: “या. सेफ्टी शूज घालून या.”

आयएसओबद्दल त्यात चकार शब्द नसतो.