पहिल्या ओळीत विषय लपवायचा नसतो

"कॅप्शनची पहिली ओळ कधीच पूर्ण करू नका. विषय सांगितला की वाचक गेला! बरोबर 125 अक्षरं मोजा, वाक्य मध्येच तोडा, खाली ठिपके टाका. तीन इमोजी आणि 'कमेंटमध्ये हो लिहा' हवंच. जितके जास्त लोक 'अजून पहा' दाबतील तितकी विक्री जास्त."

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनबद्दलचा हा संदेश गटागटांतून फिरत होता तोवर दुर्लक्ष केलं. आता तो मावसबहिणीपर्यंत पोहोचलाय. पुस्तकबांधणीच्या दोन दिवसांच्या वर्गासाठी तिने बरं लिहिलेलं कॅप्शन पुसलं आणि त्या जागी टाकलं, "थांबा! ही एक चूक तुम्हीही करताय, आणि मला ती जेव्हा कळली तेव्हा…" आता उत्तर द्यायलाच हवं.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. इन्स्टाग्राम खातेदाराला पोस्ट किती जणांपर्यंत गेली, किती जणांनी जपून ठेवली, पुढे पाठवली, प्रोफाइलवर किती आले हे दाखवतं. कॅप्शन किती जणांनी उघडलं, हा आकडा तिथे नसतोच. मग या संदेशकर्त्याने त्याचा विक्रीशी संबंध कुठून जोडला? तुम्हाला दिसतात त्या चौकश्या, लिंकवरचे क्लिक आणि नोंदण्या. मोजायचं तर ते मोजा.

आता सर्वांत घातक मुद्दा, विषय लपवण्याचा. "ही एक चूक" वाचून कोण थांबेल? कुतूहल असलेला कुणीही. पण ज्याला वही शिवायला शिकायचंय, त्याला ही पोस्ट आपल्यासाठी आहे हे कळायला काही मार्गच नाही. तो सरळ पुढे जातो. जे उघडतात त्यांना चूक ऐकायची असते, समोर येतो वर्ग, आणि तेही जातात. म्हणजे गिऱ्हाईक बाहेर राहिलं आणि आत आलेले चिडून परतले. हे घडतंय का, ते कमेंटमध्ये दिसतं. खाली "हे नक्की कशाबद्दल आहे?", "वर्ग आहे का?" असे प्रश्न येत असतील, तर जे वर हवं होतं ते तुम्ही आत ढकललंय.

यातलं काहीही नवीन नाही. ऑगस्ट 2016 मध्ये फेसबुकने भुलवणारे मथळे फीडमध्ये मागे ढकलायला सुरुवात केली, तेव्हा मथळा तपासायच्या दोन कसोट्या जाहीर केल्या होत्या: मजकूर कशाबद्दल आहे हे कळायला लागणारी माहिती दडवली आहे का, आणि अतिशयोक्ती करून खोटी अपेक्षा उभी केली आहे का. ते बातम्यांच्या दुव्यांच्या मथळ्यांबद्दल होतं, कॅप्शनबद्दल नव्हतं, हे मान्य. पण ज्या युक्तीला तेव्हाच नाव पडलं होतं, तीच इथे गुपित म्हणून विकली जातेय.

अर्धसत्य एक आहे, ते नाइलाजाने देऊन टाकतो. काहीतरी शिल्लक ठेवलं तर माणूस पुढे वाचतो. फक्त शिल्लक ठेवायचं ते कारण, विषय नव्हे. मावसबहिणीच्याच जुन्या कॅप्शनमध्ये चौथ्या परिच्छेदात एक वाक्य पुरलेलं होतं. ते उचलून वर आणलं की असं होतं:

"शिवलेली वही सपाट उघडते, चिकटवलेली मिटत राहते. दोन दिवसांत हाताने वही शिवायला शिका."

कशाबद्दल, किती दिवस, काय हाती येणार, सगळं आलं. राहिलं ते "असं का होतं?" आणि त्याचं उत्तर घडीच्या, म्हणजे जिथे मजकूर तुटून 'अजून पहा' येतं त्या जागेच्या, खाली पहिल्याच वाक्यात द्यायचं: शिवणीत कागद दुमडून त्यांचे छोटे गठ्ठे, म्हणजे फर्मे, करतात आणि दोरा दुमडीतून जातो, म्हणून पान दुमडीपाशी मोकळं वळतं, चिकटवलेल्या वहीत सुट्या पानांची कड गोंदात घट्ट बसलेली असते, ती पान मागे ओढते. ज्याने कारणासाठी दाबलं त्याला कारण लगेच मिळालं, की मग तो तारीख आणि जागा वाचायला थांबतो. तिने हे उत्तर सातव्या ओळीत ठेवलं असतं, तर पुन्हा तीच फसवणूक.

"बरोबर 125" हा आकडा मेटाच्या जाहिरातींच्या मार्गदर्शिकेतून सुटून आला. तिथे ती मुख्य मजकुराच्या लांबीची शिफारस होती. फोनवर घडी कुठे पडेल ते ओळींवर ठरतं, आणि ओळ किती लांब हे पडद्याची रुंदी, वाचकाने ठेवलेला अक्षरांचा आकार आणि इन्स्टाग्रामच्या फीडमध्ये कॅप्शनआधी लागणारं खात्याचं नाव यांवर. त्यामुळे 125 व्या अक्षराला तोडलेलं वाक्य एकाकडे दिसतं तसं दुसऱ्याकडे दिसत नाही.

त्यात मराठीत मोजायचं काय, हा वेगळाच घोळ. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही संगणकासाठी स्वतंत्र चिन्हं असतात. "स्त्री" डोळ्याला एक अक्षर, संगणकाला सहा चिन्हं. शिवलेल्या वहीची वरची दोन वाक्यं बोटावर मोजली तर मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून 57 भरतात; संगणक मोजतो 82. डोळ्याने 125 मोजून लिहिणारा त्याच्या कल्पनेपेक्षा बराच लांब गेलेला असतो. म्हणून वाक्य तोडायचा खेळ सोडा. एक पुरा विचार साधारण 80 चिन्हांत संपवा. घडी त्यानंतर कुठेही पडली तरी बिघडत नाही.

आणि जागा वाचवायचीच असेल तर आधी "आम्हाला कळवताना अत्यंत आनंद होत आहे की" काढा. यात 38 चिन्हं जातात आणि वाचकाला काहीच कळत नाही.

ठिपक्यांच्या ओळी? जिथे घडी ओळी मोजून पडते, तिथे ठिपका असलेली किंवा रिकामी ओळसुद्धा ओळच. तीन ओळी दिसणार असतील आणि तुम्ही "थांबा!" लिहून खाली एक ओळ मोकळी सोडली, तर सांगायला एकच ओळ उरली. परिच्छेद पाडा, पण घडीच्या खाली.

इमोजीबद्दल फार बोलत नाही. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं पडदा-वाचक वापरणाऱ्याला प्रत्येक इमोजीचं नाव ऐकू येतं, म्हणजे तीन इमोजींनी सुरुवात केली की त्याला आधी तीन नावं ऐकावी लागतात. शेवटी टाका.

"कमेंटमध्ये हो लिहा" हे मात्र उघड नुकसान. डिसेंबर 2017 मध्ये फेसबुकने अशा आमिषांचे प्रकार जाहीर केले: मत, प्रतिक्रिया, शेअर, टॅग आणि कमेंट मागणारी. अशा पोस्ट मागे टाकणार असंही सांगितलं. खरा प्रश्न विचारायला हरकत नाही. "तुमची वही कुठून सुटते, पाठीकडून की कोपऱ्यातून?" याला वही वापरणारा माणूस उत्तर देईल, आणि त्या उत्तरावरून त्याला कोणती शिवण शिकवायची तेही कळेल. हा प्रश्न कॅप्शनच्या तळाशी, नोंदणीच्या ओळीच्या वर.

टाकण्याआधी मजकूर घरातल्या सर्वांत लहान पडद्याच्या फोनवर, अक्षरांचा आकार दोन पायऱ्या मोठा करून, एखाद्या रिकाम्या खासगी खात्यावर टाकून पाहा. घडीच्या वर जेवढं दिसतं तेवढंच घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा आणि विचारा, हे कशाबद्दल आहे. मावसबहिणीने "थांबा!" वाली ओळ वाचून दाखवली तेव्हा तिच्या मुलाने उत्तर दिलं, "टूथपेस्ट?"