टॅग हिरवा आहे ना, मग चढा!

परांची चढण्याआधी तपासायची असते, असा एक गैरसमज आहे. तुम्ही त्याला बळी पडू नका. शिडीपाशी ‘तपासली, चढायला सुरक्षित’ असं सांगणारा हिरवा टॅग लटकतोय ना? झालं तर. त्यावरची तारीख वाचायला चष्मा शोधू नका. सात दिवस उलटलेले निघाले, तर उगाच पुन्हा तपासणी करावी लागेल. काल रात्रीचं वादळही मनावर घेऊ नका. टॅग प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे, तो भिजलेला नाही.

टॅगवर भाराचा आकडाही असतो. समजा, चौरस मीटरला २०० किलो. उभ्या पाइपांमधला तुमचा गाळा २ मीटर लांब, १ मीटर रुंद, म्हणजे सगळे मिळून ४०० किलो. आता १०० विटा चढवा. वीट ३ किलोची धरली, तर ३०० झाले. दोन गवंडी, १५०. मसाल्याची दोन भरलेली घमेली, ५०. बेरीज ५०० आली, पण फळी मोडली का? नाही ना? मग वरच्या मजल्यावरही असाच ढीग रचा. एका वेळी किती मजले भारायचे तेही टॅगवर लिहिलेलं असतं म्हणे. दोन्ही ढिगांचं वजन शेवटी त्याच उभ्या पाइपांवर येतं, पण पाइप कुठे बोलतात?

खरी करामत मात्र टाय काढण्यात आहे. परांचीला भिंतीशी धरून ठेवणारा हा आडवा पाइप गिलाव्याच्या नेमका आड येतो. क्लॅम्प सैल करा, टाय बाजूला ठेवा, ‘नंतर लावू’ म्हणा. उभा सडपातळ पाइप दाबला की आधी चिरडत नाही, कडेला वाकतो. आणि दोन आधारांमधलं अंतर दुप्पट झालं, की वाकायला जेमतेम चौथा हिस्सा भार पुरतो. मधला एक टाय काढून एवढं साधतं, अजून काय हवं? शिवाय बाहेरून हिरवी जाळी घट्ट बांधा. वारा तिला शिडासारखा फुगवील, आणि तो ताण धरायला टायच नसतील.

कुणी खालून पाइपांच्या रेषेत डोळा लावून पाहू लागला, तर त्याला चहाला न्या. नाहीतर त्याला पाइपाचा बाक दिसेल, भिंत आणि फळी यांच्यातली वाढलेली फट दिसेल, मोकळा लोंबणारा क्लॅम्पही दिसेल.

टॅग तेवढा हिरवा राहू द्या. टाय काढणाऱ्याला तो लाल करायचा अधिकार नाही, आणि ज्याला आहे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याची सही मंगळवारची आहे. टाय गुरुवारी निघाले.