फेस वाढला की गॅस कमी करायचा नसतो

«बिअर फेसाळतेय म्हणजे गॅसचं प्रेशर जास्त झालंय. रेग्युलेटर खाली आणा, नळ अर्धाच उघडा. बिअरचं पिंप, म्हणजे केग, गार नसली तरी चालते, काउंटरखाली चिलर आहे ना! आणि बिअरमध्ये अल्कोहोल असतंच, केगपासून नळापर्यंतची लाईन सहा महिन्यांनी धुतली तरी पुरे.»

पबमध्ये हमखास मिळणाऱ्या या सल्ल्यांपैकी गॅस कमी करण्याचा आणि गरम केग चालवण्याचा, हे दोन एकमेकांनाच छेद देतात, म्हणून तिथूनच सुरू करतो. बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि द्रव जितका गरम, तितका तो बाहेर पडायला उतावीळ. नेहमीच्या लागरला तीन-चार अंशांवर अकरा-बारा पीएसआय दाब पुरतो. तीच केग बारा अंशांवर गेली की तोच गॅस आत धरून ठेवायला वीसच्या आसपास लागतात, आणि पंचवीस अंशांवर तिशीच्या पुढे. म्हणजे केग गरम असेल तर गॅस वाढवावा लागतो. तुम्ही तो कमी केलात की गॅस लाईनमध्येच सुटायला लागतो, नळातून फेसच येतो. त्यात रात्रभर तसंच ठेवलं तर बिअरमधला गॅस निघून ती सपक होते, मग दुसऱ्या दिवशी «केग खराब आली» म्हणून पुरवठादाराला फोन. (पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीच्या गावात तर दाबाच्या छापील तक्त्यातल्या आकड्यापेक्षा साधारण एक पीएसआय जास्तच लावावा लागतो.)

गेल्या मे महिन्यात एका पबमधून शनिवारी रात्री आठला बोलावणं आलं. रेग्युलेटर सहावर आणून ठेवला होता आणि ग्लासात निम्मा फेस. केग दुपारी तीनला उघड्या टेम्पोतून आली होती, पाच तास कोल्ड रूममध्ये होती. बाहेरून हात लावला तर गार. मॅनेजर म्हणाला, «साहेब, बघा ना, थंडगार आहे.» दोन ग्लास ओतून टाकले, तिसऱ्यात प्रोब थर्मामीटर घातला : अकरा अंश. स्टीलचं कवच लवकर गारठतं, मधली बिअर नाही. पन्नास लिटरच्या केगला पूर्ण चोवीस तास द्यावे लागतात. केगच्या तोंडावर बसणाऱ्या कपलरच्या वरच्या पारदर्शक नळीत बुडबुडे उठताना दिसत होते, म्हणजे गॅस केगपाशीच सुटत होता. आदल्या दिवसापासून आत असलेली केग जोडली, रेग्युलेटर बारावर नेला, आणि लाईनमधली जुनी बिअर निघून गेल्यावर फेस दोन बोटांवर आला. दुसरं काहीही बदललं नाही.

चिलरबद्दल : खास उबदार केगसाठी बसवलेली यंत्रणा असते, तिथे प्रेशर मुद्दाम चढं ठेवतात आणि लाईनची लांबी-जाडीही त्या हिशेबाने असते. तुमची यंत्रणा गार केगसाठी असेल तर चिलर हे गरम केगवरचं औषध नाही.

एक खूण लक्षात ठेवा. फक्त पहिला ग्लास फेसाळतो आणि नंतरचे ठीक येतात, तर काउंटरवरचा टॉवर किंवा नळ गरम आहे. सगळेच फेसाळत असतील तर केगकडे बघा.

लाईनचं तर सोडाच. अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्समुळे बिअरमध्ये रोगजंतू सहसा वाढत नाहीत हे खरं, पण लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस हे बिअर नासवणारे जीवाणू मजेत वाढतात. आधी लोण्यासारखा वास, मग आंबट. आतल्या चिकट थरावर बुडबुडे धरायला जागा मिळते, म्हणून मळकी लाईनही फेस काढते. पंधरा दिवसांनी एकदा कॉस्टिकचं दोन-तीन टक्के द्रावण कोमट करून पंपाने पंधरा मिनिटं फिरवायचं, नळ उघडून त्याचे सुटे भाग ब्रशने घासायचे, मग पाणी सोडायचं. पाणी पुरेसं गेलं का हे अंदाजाने ठरवू नका : धुवायला घेतलेल्या साध्या पाण्याची आणि लाईनमधून येणाऱ्या पाण्याची पीएच पट्टी सारखी आली पाहिजे. हातमोजे आणि गॉगल लावूनच, आणि कॉस्टिकनंतर लगेच आम्ल सोडू नका. बिअरस्टोनसाठीचं, म्हणजे लाईनमध्ये साचणाऱ्या कडक खनिज थरासाठीचं आम्ल तीन महिन्यांनी, वेगळं.

नळ अर्धा उघडणं हा सगळ्यात सोपा घात. अरुंद फटीतून बिअर फुटून येते आणि खळबळ होते. झटक्यात पूर्ण उघडा, ग्लास पंचेचाळीस अंशांत धरा, बिअर काचेवरून वाहू द्या, निम्मा भरला की सरळ करा. नळाचं तोंड बिअरमध्ये बुडवू नका, नाहीतर तिथेच जंतू बसतात. इतकं करूनही ग्लासच्या कडेला बुडबुडे चिकटून राहिलेले दिसले, तर दोष नळाचा नाही, ग्लास तेलकट आहे : भांडी घासायच्या सिंकमध्येच तो धुतला गेलाय.