कपाचा डाग फेसाने निघत नाही

«कपात चमचाभर खायचा सोडा घाला, वर लिंबू पिळा. फसफसून फेस आला की चहा-कॉफीचे डाग आपोआप सुटतात, घासायची गरजच नाही. कितीही जुना डाग असू दे!»

फेसापासून सुरुवात करू. लिंबू आंबट, सोडा त्याच्या उलट. दोघे भेटले की एकमेकांना मारतात. फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं ते खारट पाणी. म्हणजे डागावर काम करायच्या आधीच दोन्ही कामाच्या वस्तू संपल्या.

मी हे एका पांढऱ्या मगवर करून पाहिलं. आत चहाच्या पातळीवर तपकिरी कडं बसलं होतं, कानाच्या बाजूला जास्त गडद. त्यावर सोडा-लिंबू केलं, फेस बसल्यावर मग विसळला. कडं जवळजवळ तसंच. मग त्याच कड्याचा अर्धा भाग घेतला. चमचाभर सोड्यात जेमतेम पाव चमचा पाणी घालून, ओल्या वाळूसारखा झाल्यावर ओल्या फडक्याने गोल गोल चोळला. मिनिटभरात फडकं तपकिरी झालं आणि तेवढाच अर्धा भाग पांढरा दिसू लागला.

म्हणून «घासायची गरज नाही» हे सगळ्यात चुकीचं. सोड्याची खरी ताकद त्याच्या बारीक कणांत आहे. ते डागाचा थर खरवडतात, पण कपावरच्या चकाकीच्या काचेसारख्या थरापेक्षा मऊ असल्यामुळे त्याच्यावर ओरखडे पाडत नाहीत. (सोनेरी काठाला मात्र लावू नका, तो झिजतो.) पाणी जास्त झालं की कण विरघळतात. कपभर पाण्यात चमचाभर सोडा पूर्ण विरघळतो, म्हणूनच रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजवूनही निराशा होते. चोळताना बोटाला खरखर लागेनाशी झाली की नवी चिमूट घ्या.

लिंबाचा उपयोग आहे, पण वेगळा. बोअरच्या जड पाण्यातला चुना चहाच्या थरात मिसळून त्याला घट्ट करतो. असा थर असेल तर आधी नुसता लिंबाचा रस दहा मिनिटं लावून ठेवा, कप स्वच्छ विसळा, आणि मगच सोड्याने चोळा.

राहिलं «कितीही जुना». थर चकाकीच्या वर असेल तर वर्षाचाही निघतो. पण जुन्या कपाच्या चकाकीला केसासारख्या भेगा पडतात आणि चहा त्यांतून आत मुरतो. उजेडात धरल्यावर तपकिरी रेषांची जाळी दिसली आणि नख फिरवून काहीच लागलं नाही, तर डाग आत आहे. सोड्याचा कण तिथे पोचत नाही. तिथे ऑक्सिजन ब्लीचची पूड गरम पाण्यात घालून कप काही तास बुडवावा लागतो, नंतर नीट धुवावा लागतो. तरीही फिकट रेषा राहिल्या तर चोळत बसू नका.