तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप : एका प्रतिक्रियेला उत्तर

"मॅडम, तुम्ही डॉक्टर लोक उगाच घाबरवता. माझ्या आईने पाच पोरं वाढवली, ताप आला की कपाळावर ओली पट्टी आणि पॅरासिटामॉलचे दोन थेंब, झालं. एक दिवस वाट बघितली तर काय बिघडतं? तुमच्याकडे आणलं की लगेच सुया आणि पाठीतलं पाणी काढणं, दुसरं काय?"

दादा, तुमच्या आईंबद्दल आदरच आहे, पण त्या पिढीतल्या बायकांना किती मुलं झाली विचारलं की "झाली सात, जगली पाच" असं उत्तर मी ओपीडीत बऱ्याचदा ऐकलंय, त्या दोघांचं काय झालं ते कोणी तपासलेलं नसतं.

मोठ्या मुलाच्या तापात वाट बघा असं मी स्वतः सांगते. तीन वर्षांचं पोर १०२ तापात पॅरासिटामॉल घेऊन अर्ध्या तासाने गाडी गाडी खेळायला लागलं तर मला पण हायसं वाटतं, कारण त्याच्याकडे बघून बरंच कळतं. सव्वा महिन्याच्या बाळाकडे बघून काय कळणार? ते खेळत नाही, कुठे दुखतंय सांगत नाही, मेंदूच्या आवरणाला सूज आली तरी या वयात मान आखडेलच असं नाही आणि टाळू फुगलेली दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो. सुरुवातीचे काही तास साधा व्हायरल असलेलं बाळ आणि रक्तात जंतू गेलेलं बाळ अगदी सारखं दिसतं, मलाही वेगळं ओळखता येत नाही, वीस वर्षं हेच काम करून सुद्धा. म्हणून टेस्ट. आणि "आजच" यासाठी की या वयात इन्फेक्शन एका जागी थांबवून धरायची ताकद कमी असते, लघवीतलं रक्तात आणि रक्तातलं मेंदूपर्यंत जायला कधीकधी काही तासच लागतात.

एक केस सांगते. ३८ दिवसांची मुलगी, आजीला अंग गरम लागलं, काखेत १००.८. दूध नेहमीसारखं पीत होती, सर्दी नाही, खोकला नाही. घरचे म्हणाले गुंडाळून ठेवलंय म्हणून असेल, ते चूक नव्हतं, जास्त कपड्यांनी अंग तापतं. मग कपडे सैल करून वीस मिनिटांनी परत मोजलं तर १००.६, आणि ते त्याच संध्याकाळी घेऊन आले. लघवी नळीने घेतली (पिशवी चिकटवून घेतली की त्यात त्वचेचे जंतू मिसळतात आणि रिपोर्टवर भरवसा राहत नाही), त्यात पू दिसला, रक्तात जंतू वाढतात का बघायला ब्लड कल्चर पाठवलं, अँटिबायोटिक सुरू केलं. दोन दिवसांनी लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू वाढला, सोनोग्राफीत एका किडनीला सूज. या वयातल्या तापामागे जे गंभीर बॅक्टेरियल इन्फेक्शन सापडतं त्यात लघवीचं सगळ्यात जास्त, आणि बाहेरून बऱ्याचदा त्याची एकही खूण नसते.

आता पाठीतलं पाणी, मेंदूच्या आवरणाला सूज आहे का ते बघायला काढतात ते. प्रत्येकाचं काढत नाही हो. तीन आठवड्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर काढावंच लागतं आणि ॲडमिशन पण, त्यात मी तडजोड करत नाही. महिन्याच्या पुढे बाळ बरं दिसत असेल, रक्ताचे रिपोर्ट ठीक असतील तर बऱ्याचदा ते टाळते, लघवीही साफ असेल तर दुसऱ्या दिवशी परत दाखवायला बोलावते. या मुलीचं नाही काढलं.

थेंबांचं मात्र मनावर घ्या. ड्रॉप्समध्ये एका मिलीला १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये साधारण २५, म्हणजे चौपट फरक, आणि घरात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात. शिवाय औषधाने आकडा उतरतो, जंतू तिथेच, आणि आपण निवांत झोपतो. तीन महिन्यांच्या आत डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका, दिलं असेल तर किती आणि किती वाजता ते येऊन सांगा, मी रागावणार नाही.

आकडा विचाराल तर गुदद्वारातून मोजलेला १००.४ म्हणजे ताप, पण घरी तसं मोजायला सांगत नाही, काखेत डिजिटल थर्मामीटर लावा. काखेतला आकडा थोडा कमीच येतो म्हणून सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवलेल्या नियमात दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाला काखेत ९९.५ आला तरी पुढे पाठवायचं आहे. आणि उलटंही, ९६ च्या खाली जाऊन बाळ गार पडलं, दूध ओढेना, तर ते तापाइतकंच वाईट, लोक त्याला ताप नाही म्हणून घरी ठेवतात.

दीड महिन्याच्या लसीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, ते खरंय. तेव्हाही फोन करा, लस कधी दिली ते सांगा. पण बाळ सुस्त असेल, दूध सोडलं असेल किंवा दोन दिवसांनंतरही ताप असेल तर लसीच्या नावावर टाकू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी जिथे लहान मुलांचा डॉक्टर असेल तिथे जा, वाटेत अंगावर पाजत राहा.