कविता वाचायची काय गरज, उंदीर मेले एवढं पुरे

एमए मराठीचा पेपर आठ दिवसांवर आलाय आणि मर्ढेकरांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' अभ्यासाला आहे ना, मग एक काम करा, कविता अजिबात उघडू नका. गाइडमधला सारांश घ्या, 'यंत्रयुगातील माणसाची घुसमट, मूल्यांचा ऱ्हास आणि अस्तित्वाची निरर्थकता कवीने प्रभावीपणे मांडली आहे', आणि हे वाक्य अंघोळ करताना, चहा पिताना, लोकलमध्ये लटकताना म्हणत रहा. याचा मोठा फायदा म्हणजे हेच वाक्य मर्ढेकरांच्या दुसऱ्या कुठल्याही कवितेवर चालतं, आणि कवीचं नाव खोडून इतर चारपाच कवींवरपण खपतं, एका वाक्यात अख्खा सिलॅबस!

माझी एक मैत्रीण होती, हुशार पण वाया गेलेली. ती गाइड सोडून कविताच वाचत बसायची, तेपण पेन्सिल घेऊन. वहीच्या पानावर तीन रकाने पाडायची, एकात कवितेतले शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात हे कोण कुठल्या सुरात बोलतंय, तिसऱ्यात यातून आशयाचं काय होतंय. आम्ही हसायचो, अगं एवढीशी कविता, त्यात काय रकाने पाडायचे?

तर पहिल्याच ओळीवर ती अर्धा तास अडकली. म्हणे 'ओल्या' बघ, 'ओले' नाही. उंदीर ओले असते तर 'ओले उंदिर' झालं असतं, म्हणजे हे विशेषण पिपाचं आहे, ओल्या पिपांत मेले, फक्त शब्द उलटा ठेवलाय, त्यामुळे ते ओलेपण उंदरांना चिकटल्यासारखं वाटतं पण व्याकरणात त्यांचं नाहीच. मी वर्गात तीन वर्षं 'ओले उंदीर' म्हणत आलो होतो. (व्हायवातपण म्हणालो. सर काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसला.)

मग ती 'ओठांवरती' मोजायला लागली. तीनदा येतं. आधी 'ओठांवरती ओठ मिळाले', शेवटाकडे 'ओठांवरती ओठ लागले', आणि मधे ओठांवर जमलेलं मधाळ पोळं, तेपण 'बेकलायटी, बेकलायटी!' म्हणजे जुन्या टेलिफोनचं, स्विचचं ते कडक प्लास्टिक. तिचं म्हणणं, 'मिळाले' मधे निदान दोघं एकमेकांकडे आल्यासारखी वाटतात, 'लागले' म्हणजे नुसतं एकावर एक टेकलं, आणि सुरुवातीलाच 'मुरगळल्याविण', 'आसक्तीविण' असे दोन 'विण' असल्यामुळे मरणात मारणारा दिसत नाही आणि मिठीत ओढ नाही. आता गाइडमधल्या 'निरर्थकता' या सुबक शब्दाऐवजी एवढं सगळं कोण लिहीत बसणार?

सुराचं तर विचारूच नका. 'कवितेतील निवेदकाचा सूर सोदाहरण स्पष्ट करा' असं आलं की तुम्ही बिनधास्त लिहा, 'कवी अत्यंत दुःखी व व्यथित आहे'. ती मात्र म्हणे, अख्ख्या कवितेत 'मी' कुठाय दाखव. नव्हता. कणव म्हणून फक्त 'गरिब बिचारे', तेपण शेजारचे काका वारले की आपण म्हणतो तसं, सवयीनं. त्यानंतर 'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे'. इथला 'पण' म्हणजे 'सुद्धा', बोलण्यातला, जणू कुणी सोसायटीचा नियम सांगतंय. आणि जरा पुढे 'काचेचे पण', तिथला 'पण' मात्र 'परंतु'. आवाज इतका थंड ठेवलाय की उद्गारचिन्हं थेट शेवटाकडे उगवतात, 'न्हाले! न्हाले!', आणि पहिल्या ओळीत मेलेले उंदीर शेवटी न्हालेले निघतात. हा उत्सव आहे का टिंगल, यावर तिनं वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. उत्तर माहीत नसताना प्रश्नचिन्ह काढणारी पोरगी, सांगा!

अवतरणांसाठीपण तिची एक वेडी पद्धत. कविता पाठ होतीच, पण पेपरात दोनतीन शब्दांचे तुकडेच वापरायचे आणि प्रत्येक तुकड्यानंतर तो इथे काय करतोय ते सांगायचं. तुम्ही असलं करू नका. तुम्ही दोन कडवी सलग उतरवा, खाली 'यावरून स्पष्ट होते की' लिहा, आणि काय स्पष्ट होते ते परीक्षकावर सोडा. जागा उरली तर मर्ढेकरांवरचा अश्लीलतेचा खटला घाला, तो कुठेही बसतो. एक काळजी घ्या, उतरवताना 'ओले उंदिर' लिहिलंत तर निदान 'ओल्या'वर मुद्दा मांडू नका.

पेपरला सुरावरचाच प्रश्न आला. मी घुसमट लिहिली, मग ऱ्हास लिहिला, मग परत घुसमट, आणि पुरवणी मागितली. तिनं पुरवणी घेतलीच नाही, मला तिची फार दया आली. निकालानंतर कुणाला किती पडले ते विचारू नका, मी हल्ली त्या तीन रकान्यांच्या वहीची झेरॉक्स शोधतोय, रिपीटरचा फॉर्म भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.