खोडलं म्हणजे मागे घेतलं?

*उत्तरपत्रिका तपासण्यावरच्या माझ्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया:* "बाई, विद्यार्थ्याने खोडलं म्हणजे त्याने ते मागे घेतलं, विषय संपला. तुम्ही खोडलेलं वाचून गुण द्यायला सांगता, दोन उत्तरं असली तर बरं ते उचलायला सांगता. एकच उत्तर नीट लिहिणाऱ्यावर हा अन्याय नाही का? आणि एवढं वाचत बसलं तर गठ्ठे कधी संपायचे? माया घरी करावी, तपासणीच्या टेबलावर नाही."

*माझं उत्तर:*

मायेचं आधी बोलू. बावीस वर्षं दहावीच्या गणिताच्या उत्तरपत्रिका तपासल्या. त्यात माझा हात सैल आहे असं कुणी म्हटलं नाही. उलट आमचं तपासलेलं पुन्हा पाहणाऱ्या एका नियामकांनी 'बाई, जरा हात मोकळा सोडा' म्हणून ऐकवलं होतं. हेच मत एखाद्या सरांनी मांडलं असतं तर तुम्हाला त्यात माया दिसली असती का, एवढं सांगा.

आता 'खोडलं म्हणजे मागे घेतलं'. उदाहरण घेऊ. आयताची लांबी रुंदीपेक्षा ३ सेमीने जास्त, क्षेत्रफळ ४० चौसेमी, तर बाजू काढा. गुण चार. मुलीने रुंदी x धरली, x² + 3x − 40 = 0 हे समीकरण मांडलं, (x + 8)(x − 5) = 0 असे अवयव पाडले, x = −8 किंवा x = 5 लिहिलं. आणि तिथेच थबकली. रुंदी उणे आठ कशी येईल? आपलंच कुठेतरी चुकलं, असं धरून पट्टी लावून सगळ्यावर एक तिरकी रेघ मारली. खाली काही नाही. पुढचा प्रश्न सुरू.

एकेका पायरीला एक गुण धरला, तर तिने तीन पायऱ्या बरोबर केल्या होत्या. −8 सोडून द्यायचं आणि लांबी ८ लिहायची, एवढंच राहिलं. तिने काय मागे घेतलं, सांगा बरं? समीकरण? अवयव? ती फक्त घाबरली होती. मी तीन गुण दिले आणि आजही देईन.

तीच रेघ मारून तिने खाली नव्याने x(x + 3) = 40, म्हणून x = 40 किंवा x + 3 = 40 असं लिहिलं असतं, तर वरचं खोडलेलं मी बघितलंही नसतं. तिने निवड केली, निवड चुकली, वरच्याचे गुण गेले. खोडलेल्याच्या जागी दुसरं काही आलंय का, सगळा प्रश्न एवढाच आहे. हे माझ्या पदरचं नाही. इंग्लंडच्या एक्यूए या परीक्षा मंडळाच्या गणिताच्या गुणदान सूचनांत हेच आहे: खोडलेलं वाचता येत असेल आणि त्याच्या जागी दुसरं लिहिलेलं नसेल तर तपासा, लिहिलेलं असेल तर जुन्याला गुण नाहीत. आता तिथल्या लोकांनाही माया घरी ठेवायला सांगणार का?

अडतं ते मधल्या जागी. खोडलं, खाली 'समजा रुंदी = x' एवढीच ओळ लिहिली आणि वेळ संपली. ही बदली म्हणायची का? मी म्हणत नाही. त्या ओळीत तपासण्याजोगं काही नाही. पण नवं समीकरण मांडलेलं असेल तर ती बदली, मग ते अर्धवट का असेना. नियामकाशी माझे वाद झाले ते इथेच, आणि दर वेळी मी जिंकले असंही नाही.

आणखी एक. आपणच मुलांना सांगतो, कच्चं काम उजवीकडे करा आणि रेघ मारा. त्या रेघेचा अर्थ 'हे वाचू नका' एवढाच. तीच मुलं घाबरली की तशीच रेघ मारतात. दोन्ही रेघा कागदावर सारख्याच दिसतात. वाचल्याशिवाय फरक कळणार कसा? मी स्वतः बारावीला बरोबर सोडवलेलं एक गणित शेवटच्या पाच मिनिटांत असंच खोडलं होतं. त्यामुळे 'मागे घेतलं' हा शब्द मला जरा जास्तच टोचतो, हे कबूल.

दोन उत्तरांबाबत मात्र तुमचं थोडं बरोबर आहे. लेखात मी 'बरं ते धरा' असं सरसकट लिहिलं, तसं नको होतं. बहुपर्यायी प्रश्नात अ आणि क दोन्ही लिहून ठेवणाऱ्याला तसे गुण देता येत नाहीत. सीबीएसईच्या गणिताच्या अलीकडच्या गुणदान योजनेत अशा वेळी, आधीचं खोडलेलं नसेल तर, पहिलंच उत्तर धरतात. लेखात दुरुस्ती करते.

अन्यायाचं म्हणाल तर, नीट लिहिणाऱ्याला चारपैकी चार मिळालेच आहेत, त्याचं कुणी काय काढून घेतलं?

आणि गठ्ठे. तिरक्या रेघेखालच्या चार ओळी वाचायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं जड होत असेल तर तपासणीची ऑर्डर आली की तसं कळवून टाकावं.